ठकीची झोप आणि पाच खोल्यांचा गेम

गेम जॅम म्हणजे काय, हे वहिनीने सासूबाईंना फोनवर समजावून सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी विषय जाहीर होणार, रविवारी संध्याकाळपर्यंत त्यावर अख्खा गेम बनवून वेबसाइटवर चढवायचा, बक्षीस काही नाही. "म्हणजे सुट्टीच्या दिवशी फुकटात ऑफिसचं काम?" सासूबाईंनी विचारलं. वहिनी म्हणाली, "हो आई, तसंच." सासूबाई म्हणाल्या, "मग ठीक आहे. मला वाटलं काहीतरी जुगार-बिगार."

आपणही तिला वहिनीच म्हणू, कारण या कथेत तिला सगळ्यात जास्त हाका मारणारं माणूस म्हणजे तिची नणंद. नणंदेला घरात सगळे खारू म्हणतात. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, आणि हातात पेन्सिल नसेल तर चमच्याने टेबलावर चित्र काढेल. नणंद-भावजयीचं सख्य जगात दुर्मिळ म्हणतात, पण या दोघींची गट्टी अशी, की वहिनीचा नवरा कधीकधी आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसलेला दिसे. तो शाळेत संगीत शिकवायचा. म्हणून जॅममध्ये त्याच्याकडे आवाजाचं खातं आलं. आणि चौथी ठकी, वहिनीची तान्ही लेक. ठकी अजून बसायला शिकत होती आणि तिच्याकडे कुठलंच खातं नव्हतं, असं निदान शुक्रवारपर्यंत सगळ्यांना वाटत होतं.

वहिनी पेशाने प्रोग्रामर, एका छोट्या गेम स्टुडिओत. ठकीच्या वेळी घेतलेली लांब रजा संपून सोमवारी ती परत कामावर जाणार होती. आपल्या हाताला अजून काम येतं का, हे तिला सोमवारच्या आत स्वतःलाच दाखवून द्यायचं होतं. जॅमची खरी गरज तिला होती ती एवढ्यासाठी. बाकी दोघे तिच्या प्रेमाखातर ओढले गेले.

विषय जाहीर झाला: "एक हात". खारू लगेच म्हणाली, "वहिनी, हा तर तुझाच विषय आहे." वहिनीने खाली पाहिलं. डाव्या खांद्यावर ठकी झोपली होती आणि उजव्या हाताने ती भांडी विसळत होती, एकेक वाटी फुलासारखी उचलून ठेवत. गेम तिथेच ठरला. खांद्यावर मूल झोपलंय, एका हाताने घरकाम उरकायचं, वस्तू आपटली की आवाज होणार, आवाज फार झाला की मूल उठणार आणि डाव संपला. नाव: "हळू, झोपलीये!"

कल्पना छान असली की माणसाला शिंगं फुटतात. तासाभरात फळ्यावर पाच खोल्या आल्या, एक कुत्रा आला, दार वाजवणारा पोस्टमन आला, बाहेर पाऊस आणि आत दिवस-रात्र आली, आणि तीन वेगवेगळे शेवट आले. नवरा म्हणाला, "अंथरूण पाहून पाय पसरा गं." त्यावर दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो ठकीचे लंगोट आणायला निघून गेला.

शनिवारी सकाळी वास्तव समोर बसलं. ठकी जागी असताना वहिनीला काम करता येत नव्हतं. नवऱ्याने किंवा खारूने उचललं की ठकी घर डोक्यावर घ्यायची. त्या शनिवार-रविवारी तिला आईच हवी होती, दुसरं कुणीही चालत नव्हतं. तेव्हा कोड लिहायचा तो ठकीच्या झोपेत. आणि ठकीची झोप कुणाच्या बापाची नव्हती, म्हणजे बापाचं तर ती मुळीच ऐकत नव्हती. म्हणून वहिनीने नियम केला: एका झोपेत एकच गोष्ट करायची. ठकी उठेपर्यंत ती खेळून बघता आली तर गेममध्ये राहील, नाही तर बाहेर. "पुढच्या झोपेत पूर्ण करू" हे वाक्य घरात बंद.

पहिल्या झोपेत माऊसने वस्तू उचलणं-ठेवणं जमलं. दुसऱ्या झोपेत आपटण्याच्या वेगावरून आवाज मोजणं जमलं. वस्तू जितक्या जोरात टेबलाला लागेल तितका आवाजाचा आकडा चढणार, आणि शांत राहिलं तर हळूहळू उतरणार. तिसऱ्या झोपेत आईला घरभर चालवायचं होतं. आई भिंतीत अडकली, कपाटात शिरली, एकदा छतावर उभी राहिली, आणि तेवढ्यात ठकीने डोळे उघडले. झालं. चालणं गेलं. चालणं गेलं म्हणजे खोल्या गेल्या, आणि खोल्या गेल्यावर कुत्रा नि पोस्टमन उभे राहणार कुठे? एका हिसक्यात चार-पंचमांश गेम गेला.

खारूने आईच्या चालण्याची सगळी चित्रं काढून ठेवली होती. पाय टाकताना सात किलोच्या पोराने कंबर कशी वाकते, तेसुद्धा तिने वहिनीला चालवून चालवून टिपलं होतं. तिने ती चित्रं उपडी करून ठेवली. ती खरंच रागावली होती. मग दुपारी तिने तोंड फिरवूनच विचारलं, "आई चालणार नसेल तर दिसायचं काय?"

"हात," वहिनी म्हणाली. "नुसता हात. आणि खांद्यावरचं डोकं."

खारूने पेन्सिल उचलली. संध्याकाळपर्यंत तिने एक हात काढला, आणि पडद्याच्या कडेला झोपलेल्या मुलीचा गाल. पुढच्या झोपेत आवाज दाखवणारा काटा बनायचा होता, तोही झाला नाही, कारण ठकी जेमतेम डुलकी काढून उठली. तेव्हा खारूच म्हणाली, "काटा कशाला हवा? मी पापण्या काढते. मिटलेल्या, थरथरणाऱ्या, अर्ध्या उघडलेल्या." नवऱ्याने ठकीचा श्वास रेकॉर्ड केला. आकडा चढला की श्वास उथळ होणार, पापणी हलणार. काट्यापेक्षा हे कितीतरी भीतिदायक होतं. पहिल्यांदा खेळताना वहिनीने स्वतःचाच श्वास रोखला.

मग रविवार उजाडला, आणि नणंद-भावजयीचं भांडण झालं. सासर-माहेरावरून नाही, एका आकड्यावरून. खारू म्हणाली, "गेम फार सोपा आहे. पोरगी कुंभकर्ण आहे, उठतच नाही." वहिनी म्हणाली, "सोपा? चमचा ठेवला तरी उठते!" खारूने आपल्या कॉम्प्युटरवर आवाज उतरण्याचा आकडा कमी केला. वहिनीने आपल्या लॅपटॉपवर तो वाढवला, आणि एकीने बदललं की दुसरीकडेही बदलायचं. प्रत्येकीला वाटलं, आपण दुरुस्त केलेलं दुसरी मुद्दाम बिघडवते. सकाळची अख्खी झोप त्यात गेली. ठकी उठली तेव्हा दोघी एकमेकींशी फक्त ठकीमार्फत बोलत होत्या: "आत्याला सांग, हट्टीपणा पुरे." "आईला सांग, तिला खेळताच येत नाही."

नवरा मध्ये पडला. त्याने दोन्ही यंत्रांवर तोच आकडा, तोच चमचा, तसाच टाकून पाहिला. खारूकडे पोरगी झोपलेली, वहिनीकडे जागी. "तुम्ही दोघीही बरोबर आहात," तो भीत भीत म्हणाला. त्याला वाटलं हे मध्यस्थीचं वाक्य आहे. वहिनीने मात्र कपाळावर हात मारला. आवाज उतरवायचं गणित तिने पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या प्रत्येक चित्राला, एकदा असं लिहिलं होतं. खारूचा पडदा महागाचा, सेकंदाला तिच्या लॅपटॉपच्या दुपटीहून जास्त फ्रेम दाखवणारा. त्यामुळे तिथे आवाज दुपटीहून जास्त वेगाने विरत होता. वहिनीने त्या आकड्याला मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणलं, आणि दोन्हीकडे पोरगी एकाच चमच्याला उठू लागली. एका ओळीची दुरुस्ती. पहिल्याच वर्षी शिकवतात ती. वहिनीला हसावं की रडावं कळेना. शेवटी दोघी इतक्या हसल्या, की ठकीसुद्धा हसायला लागली.

दुसरा घोळ सापडला तो केवळ नवऱ्याच्या घाबरटपणामुळे. "शेवटच्या क्षणी चढवू नका, आत्ताच एकदा चढवून बघा," असा त्याने लकडा लावला होता. दुपारी अर्धवट गेम वेबसाइटवर चढवला, तर पहिल्याच पडद्यावर गाडी अडली. अंगाई संपली की खेळ सुरू, असं वहिनीने लिहिलं होतं. पण खेळणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजूच देत नाही. अंगाई सुरू होईना, म्हणून ती संपेना, म्हणून खेळ उघडेना. वहिनीने एक मोठं "सुरू करा" बटण ठेवलं. क्लिक झाली, अंगाई वाजली. हे संध्याकाळी कळलं असतं तर सगळ्यांच्या पदरी पहिला पडदाच आला असता.

मुदतीच्या आत गेम वेबसाइटवर चढला. एक टेबल, सहा वस्तू, एक हात. आणि लोकांनी तो खेळला! अनोळखी लोकांनी खाली लिहिलं, "माझा खांदा दुखायला लागला." वहिनीने ते वाक्य नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं.

सोमवारी ठकीला खारूकडे सोपवून ती ऑफिसात गेली. तिथले मुख्य म्हणजे काका. केस अकाली पांढरे झाल्यामुळे सगळे त्यांना काका म्हणत आणि त्यांनीही ते पद आनंदाने स्वीकारलं होतं. काकांनी खुर्ची ओढून दिली, ठकीचा फोटो पाहिला, आणि मायेने म्हणाले, "तुझ्यासाठी जुन्या गेमची देखभाल ठेवलीये. निवांत काम. बारीकसारीक दुरुस्त्या कर, वेळेवर घरी जा. नव्या गेमच्या नमुन्यावर पोरांना पळू दे."

वहिनी "बरं" म्हणाली आणि तिचं तोंड कडू झालं. नवा गेम! त्याच्यासाठी तर ती तडफडत होती. पण मायेने दिलेली गोष्ट कशी नाकारायची? कुणी अन्याय केला तर भांडता येतं, कुणी सोय केली तर आभार मानावे लागतात.

एक वाट होती. ऑफिसची रीत अशी, की कुणी जॅम केला तर बुधवारी जेवणानंतर सगळ्यांसमोर त्याचं पोस्टमॉर्टेम करायचं. काय कापलं, काय बिघडलं, कशाने तगलं, हे फळ्यापाशी उभं राहून सांगायचं. नव्या गेमवर कोण, हे काका बुधवारनंतर पक्कं करणार होते.

मंगळवारी संध्याकाळी वहिनीने लिहिलेलं खारूने वाचलं. "कामाची ठरावीक टप्प्यांत विभागणी करून व्याप्तीचे काटेकोर नियोजन केले," वगैरे.

"हे कुणाचं पोस्टमॉर्टेम?" खारूने विचारलं. "आपण होतो का तिथे? यात ठकी कुठेय?"

"ठकी नाही घालायची."

"अगं, अख्खा गेम तिने कापला!"

"तेच तर," वहिनी म्हणाली. "त्यांना आधीच वाटतंय की मुलामुळे मला जमणार नाही. आता मीच जाऊन सांगू, की मूल उठलं म्हणून माझं काम अर्धं राहिलं? आपणच आपल्या पायावर धोंडा?"

खारू एवढंच म्हणाली, "माझी चालणारी आई गेली ना, ती नियोजनात गेली असं लिहू नकोस. ती खऱ्या कारणाने गेली." आणि ती ठकीला घेऊन गॅलरीत गेली.

बुधवारी मीटिंगची खोली भरली. डबे आवरले गेले, खुर्च्या कमी पडल्या, दोघे खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. वहिनीने बोलण्याआधी काकांपुढे माऊस ठेवला. "आधी खेळा."

काकांनी बाह्या सरसावल्या. पहिली वाटी त्यांनी धाडकन ठेवली. पापणी थरथरली. खोलीतून कुणीतरी "श्शू!" म्हणालं. दुसरी वाटी ठेवताना काकांची जीभ दातांत आली होती. स्पीकरमधून ठकीचा श्वास येत होता, आणि एवढी माणसं त्या श्वासाकडे कान लावून बसली होती. मग घाईघाईत काकांनी झाकण इतक्या वेगाने खाली ओढलं, की ते टेबलाला न लागता आरपार खाली गेलं आणि दिसेनासं झालं. आवाज शून्य. खोलीत हसू फुटलं. "काकांनी झाकण पाताळात धाडलं!"

"हे माहीत होतं," वहिनी म्हणाली. "वस्तू फार वेगाने गेली की एका फ्रेममध्ये टेबलाच्या वर असते आणि पुढच्या फ्रेममध्ये खाली. टेबलाला पत्ताच लागत नाही. सोडून दिलं. ज्या चुकीने खेळ बंद पडतो ती आधी, ज्या चुकीने हसू येतं ती नंतर." दोघातिघांनी माना डोलावल्या. सुरुवात बरी झाली होती.

मग तिने फळ्यावर टप्पे काढले आणि लिहून आणलेलं बोलायला लागली. चालणं कापलं, म्हणून खोल्या कापल्या. काटा कापला, म्हणून पापण्या आल्या. फ्रेमची चूक, अंगाईची चूक. सगळं खरं होतं, आणि तरी तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

काका फळ्याकडे बघत होते. "एक विचारू? तुझे टप्पे असे वेडेवाकडे का? हा एवढासा, हा लांबलचक, मध्येच हा चिमूटभर. सगळे असे टप्पे सारखे पाडतात. हे ठरवलं कुणी?"

"अंदाजाने" असं एका शब्दात सांगून सुटता आलं असतं. वहिनीने तोंड उघडलंही. पण मग तिला त्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला ठकीचे उघडलेले डोळे दिसले. खारूची फेकून दिलेली चालणारी आई दिसली. ती खऱ्या कारणाने गेली होती.

"माझ्या मुलीने," ती म्हणाली. "या तिच्या झोपा आहेत."

वहिनीला आता थांबता येईना. "ती उठेपर्यंत जे खेळता येईल ते ठेवायचं, बाकी बाहेर, असा नियम होता. पाच खोल्या, कुत्रा, पोस्टमन, तीन शेवट, सगळं लिहून काढलं होतं आम्ही. माझ्या हातात सबंध दिवस असता ना, तर मी रविवारी संध्याकाळपर्यंत त्या आईला भिंतीतूनच बाहेर काढत बसले असते आणि आमचा गेम चढलाच नसता. मुदत लांब असली की प्रत्येक गोष्ट 'होत आलीये' वाटते. ती पोरगी मला 'होत आलीये' म्हणूच देत नव्हती. झालंय की नाही, एवढंच विचारायची. आणि तो श्वास ऐकलात, तो तिचाच."

गेमच्या चाचण्या घेणारी टेस्टर हळूच म्हणाली, "आपल्याकडे असं कुणीतरी ठेवायला हवं." हशा पिकला. वहिनी मात्र हसली नाही, कारण जे म्हणायचं ते अजून राहिलं होतं आणि आता नाही तर कधीच नाही.

"काका, मला देखभाल नकोय. मला नव्या गेमवर यायचंय."

काकांचा चेहरा गोंधळला. ते वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण होती. "अगं, पण नमुन्याच्या कामात ओढाताण असते. मला वाटलं, तुझी सोय..."

"सोय माझी मी बघते. काम तुम्ही द्या."

हे ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कट्ट्यावर टेकलेल्या दोघांनी खाली पाहिलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते उठले आणि शेजारच्या खोलीत गेले. वहिनीला वाटलं, गेलं सगळं. उचलली जीभ लावली टाळ्याला!

काका परत आले ते हातात एक मोठी गुंडाळी घेऊन. ती त्यांनी तिच्या टप्प्यांवरूनच फळ्यावर चिकटवली. नव्या गेमचा आराखडा. त्यावर बेट होतं, बाजार होता, होड्या होत्या, ऋतू होते, गावकऱ्यांच्या आपापसातल्या सोयरिकी होत्या, आणि कोपऱ्यात चांगला ठसठशीत ड्रॅगन होता. पोरं महिन्याभरात हे सगळं करणार होती.

"चुकलंच माझं," काका म्हणाले. "मी तुला विचारायला हवं होतं. मी परस्पर ठरवून टाकलं." मग त्यांनी लाल पेन पुढे केलं. "नव्या गेमवर आहेस. आजपासून. यातलं काय ठेवायचं, तू सांग."

वहिनीने पेन घेतलं. ती आराखड्याजवळ गेली, तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, आणि कोपऱ्याशी थांबली.

"हा ड्रॅगन कुणाचा?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी काका घसा खाकरत म्हणाले, "माझा आहे. लहानपणापासून मनात आहे गं तो."

"छान आहे," वहिनी मनापासून म्हणाली, आणि त्याच्यावर फुली मारली.